पॅनकार्डवरचा फोटो, सही किंवा वडिलांचे नाव चुकले आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ड नवे मागवले, पण चूक तशीच राहिली. असे का होते?

कार्ड हा आयकर खात्याकडच्या नोंदीचा छापलेला उतारा आहे. नोंद जशी असेल तसेच कार्ड छापून येते. ऑनलाइन पन्नास रुपये भरून जे कार्ड मागवतात ते फक्त पुनर्मुद्रण असते. स्क्रीनवर त्याचे नाव Reprint of PAN Card असते आणि त्यात नोंदीला हातही लागत नाही. कार्ड हरवले, तुटले किंवा त्यावरची छपाई पुसली असेल तर हा मार्ग योग्य आहे. फोटो, सही किंवा वडिलांचे नाव बदलायचे असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्या अर्जातून आधी नोंद बदलते आणि मग बदललेल्या नोंदीचे कार्ड छापले जाते.

दुरुस्तीचा अर्ज भरूनही जुनीच चूक परत आलेली दिसते. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. या अर्जात प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक छोटा चौकोन असतो. जे बदलायचे आहे त्याच्या चौकोनात टिक करायची असते. वडिलांचे नाव बरोबर लिहिले पण टिक केली नाही, तर तो रकाना बदलासाठी नाही असे धरले जाते. एकही टिक नसेल तर आहे त्याच माहितीचे कार्ड छापून येते. अर्ज नाकारला जात नाही, पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून अर्ज जमा करण्यापूर्वी फक्त डावा समास वरून खाली एकदा बोट ठेवून तपासावा.

पॅन क्रमांक बदलतो का?

नाही. दहा अक्षर-अंकांचा क्रमांक तोच राहतो. दुरुस्तीऐवजी नव्या पॅनचा अर्ज मात्र कधीही करू नये. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सेवा केंद्रात दुसऱ्याकडून अर्ज भरून घेत असाल तर पडद्यावर Changes or Correction in existing PAN Data हा पर्याय निवडला आहे ना, हे स्वतः वाकून बघा.

अर्ज कुठे करायचा?

दोन संस्था हे काम करतात. पहिली प्रोटीअन, जिचे जुने नाव एनएसडीएल ई-गव्हर्नन्स. दुसरी यूटीआयआयटीएसएल. दुरुस्तीचा अर्ज यांपैकी कुठेही करता येतो, मूळ कार्ड कोणाकडून आले होते याने फरक पडत नाही. नुसत्या पुनर्मुद्रणाचे तसे नाही. तुमचा शेवटचा अर्ज ज्या संस्थेने हाताळला तिच्याकडेच ते मागावे लागते. कोणाकडून आले हे आठवत नसेल तर कार्ड उलटे करून मागचा पत्ता वाचा. पुण्याचा पत्ता असेल तर एनएसडीएल किंवा प्रोटीअन, नवी मुंबईतल्या बेलापूरचा असेल तर यूटीआयआयटीएसएल.

एका संस्थेकडचा अर्ज अडकला म्हणून दुसरीकडे लगेच नवा अर्ज टाकू नका. एकाच नोंदीवर दोन अर्ज चालू राहिले की दोन्ही रखडण्याची शक्यता वाढते.

खर्च किती?

कर धरून, भारतातल्या पत्त्यावर कार्ड हवे असेल आणि कागदपत्रे टपालाने पाठवणार असाल तर १०७ रुपये. पूर्ण कागदविरहित अर्ज केला तर १०१ रुपये. छापील कार्ड नकोच, फक्त ईमेलवर ई-पॅन चालेल म्हटले तर हेच आकडे ७२ आणि ६६ होतात. परदेशातल्या पत्त्यावर कार्ड मागवायचे तर टपालाच्या पद्धतीने १,०१७ रुपये लागतात. भरण्यापूर्वी स्क्रीनवरची रक्कम पाहून घ्यावी, शुल्क अधूनमधून बदलते. सेवा केंद्रचालक स्वतःच्या कामाचे पैसे वेगळे घेतो. ते सरकारी शुल्क नव्हे, म्हणून शुल्काची पावती स्वतंत्र मागावी.

एकाच अर्जात फोटो, सही आणि वडिलांचे नाव असे तिन्ही बदल मागता येतात. शुल्क एकदाच लागते.

अर्ज पाठवण्याच्या तीन पद्धती दिसतात. कोणती निवडावी?

हा निर्णय काय बदलायचे आहे त्यावर ठरवा. घाईत पहिला पर्याय निवडला जातो आणि तिथेच फसगत होते.

पहिली पद्धत आधारच्या ई-केवायसीची. यात कागद लागत नाही, पण फोटो थेट आधारच्या नोंदीतून उचलला जातो. तुम्हाला नवा फोटो देता येत नाही. आधारवर दहा वर्षांपूर्वीचा अंधुक फोटो असेल तर तोच पॅनकार्डवर येईल. त्यामुळे फोटो किंवा सही बदलण्यासाठी ही पद्धत निवडू नये.

दुसरी पद्धत, स्कॅन केलेल्या प्रती चढवून आधार ओटीपीने ई-साइन करण्याची. यात फोटो, सही आणि कागदपत्रे तुम्ही स्वतः चढवता. आधारला मोबाइल जोडलेला असेल आणि हाताशी बऱ्यापैकी स्कॅनर असेल तर ही सोयीची आहे. फोटो, सही आणि कागदपत्रे यांसाठी फाइलचा प्रकार, आकार आणि स्कॅनची घनता वेगवेगळी मागितली जाते. ती त्या पानावरच लिहिलेली असते. आकार बसवण्यासाठी फोटो खूप दाबला की चेहरा चौकटीचौकटींचा दिसतो, आणि कार्डावर तो अजूनच खराब उतरतो. त्यापेक्षा आधी फोटो कापून चेहरा आणि खांदे एवढाच ठेवावा, मग फाइल लहान करावी.

तिसरी पद्धत टपालाची. अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे भरायचे, पोचपावती छापायची, तिच्यावर फोटो चिकटवून सही करायची आणि कागदपत्रांसह पाठवायची. सही बदलायची असेल तर आमच्या मते हीच सर्वांत खात्रीची. कागदावर शाईने केलेली सही तिथे स्कॅन होते आणि तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची सावली तिच्यात येत नाही.

फोटो कसा हवा, आणि कसा चिकटवायचा?

टपालाच्या पद्धतीत दोन रंगीत फोटो लागतात. आकार ३.५ सेंमी गुणिले २.५ सेंमी, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी पांढरी. स्टुडिओत मिळणारा नेहमीचा पासपोर्ट फोटो यापेक्षा मोठा असतो. तो घडी घालून किंवा कडा उचलून बसवू नका, मापाचाच छापून घ्या. डिंकाने चिकटवा. स्टेपलर किंवा टाचणी लावली की स्कॅन करताना तिचा ठसा चेहऱ्यावर येतो.

दोन्ही फोटोंचे काम वेगळे आहे. डाव्या फोटोवर आडवी सही करायची, अशी की तिचा काही भाग फोटोवर आणि काही कागदावर येईल. हा फोटो तुमचाच आहे याची ती खूण. उजव्या फोटोवर मात्र शाईचा ठिपकाही नको, कारण कार्डासाठी तोच स्कॅन होतो. दोन्ही फोटोंवर सही करणे ही रोज होणारी चूक आहे, आणि चेहऱ्यावर रेघ आली की अर्ज परत येतो.

अर्जात फोटोसाठीचा चौकोन Photo Mismatch या नावाने असतो. नवा फोटो चिकटवला आणि हा चौकोन कोरा ठेवला तर जुनाच फोटो राहू शकतो.

सही बदलायची आहे. काय काळजी घ्यावी?

Signature Mismatch या चौकोनात टिक करा. मग ठरवलेल्या चौकटीत, काळ्या शाईने, चौकटीच्या रेघेला न लागता सही करा. मराठीत सही करणारे बरेच जण इथे उगाच इंग्रजीत करतात. त्याची गरज नाही. अर्ज इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरायचा असतो, पण सही तुमची जी आहे तीच हवी, देवनागरीत असली तरी चालते. बँकेत जी करता तीच इथे करा, कारण पुढे बँक किंवा नोंदणी कार्यालय पॅनवरच्या सहीशी ताडून बघते.

मोठी, पसरट सही चौकटीत बसवायला लहान केली की ती ओळखू येत नाही. कोऱ्या कागदावर तेवढीच चौकट आखून चार-पाचदा सराव करावा.

सहीऐवजी अंगठा उठवायचा असेल तर तो दंडाधिकारी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून शिक्क्यासह साक्षांकित करून घ्यावा लागतो. वृद्ध आईवडिलांचा अर्ज याच एका कारणाने परत आलेला खूपदा दिसतो. केंद्रावर अंगठा उठवून घेतात, पण साक्षांकन राहून जाते.

पॅनवरची सही बदलली म्हणजे बँकेतली आपोआप बदलत नाही. तिथे वेगळा अर्ज द्यावा लागतो.

मुलाचे पॅन लहानपणी काढले होते. आता तो अठरा वर्षांचा झाला. कार्डावर फोटोच नाही.

अल्पवयीनांच्या कार्डावर फोटो आणि सही छापली जात नाही. म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर हे कार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही. याच दुरुस्तीच्या अर्जात फोटो आणि सही दोन्हींच्या चौकोनांत टिक करायची आणि अर्जावर आता मुलाने स्वतः सही करायची. पालकाची सही चालणार नाही. कॉलेजच्या प्रवेशात किंवा पहिल्या पगाराच्या खात्याच्या घाईत हे लक्षात येते, म्हणून वाढदिवस झाल्यावर लगेच अर्ज टाकलेला बरा.

आयकर संकेतस्थळावरून झटपट ई-पॅन काढले होते. त्यावर वडिलांचे नाव आणि सही का नाही?

ते पॅन फक्त आधारच्या माहितीवर तयार होते आणि त्या प्रक्रियेत तुम्ही सही देतच नाही. वडिलांचे नावही त्यात सहसा येत नाही. पॅन वैध आहे, त्यात काही खोट नाही. पण कुणी कार्डावर वडिलांचे नाव मागितले तर दुरुस्तीच्या अर्जातून ते भरावे लागते. नव्याने भरायचे असले तरी तो बदलच समजला जातो, म्हणून तिथेही टिक हवी.

वडिलांच्या नावात नेमके काय लिहायचे? आमच्याकडे मधले नाव हेच वडिलांचे नाव.

मराठी घरांतल्या बहुतेक चुका इथूनच होतात, म्हणून हे जरा सविस्तर.

अर्जात अर्जदाराचे नाव तीन भागांत लिहायचे असते. आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव. वडिलांच्या नावासाठी असाच तीन भागांचा वेगळा रकाना आहे. तुमच्या मधल्या नावात वडिलांचे पहिले नाव येते. वडिलांच्या रकान्यात मात्र वडिलांचे पूर्ण नाव हवे, आणि त्याच्या मधल्या भागात आजोबांचे नाव येते. हे न कळल्याने लोक वडिलांच्या रकान्यात एकच शब्द लिहितात किंवा स्वतःचेच मधले नाव दोनदा लिहितात.

लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत गोंधळ वाढतो. लग्नानंतर मधल्या नावात नवऱ्याचे नाव येते. सेवा केंद्रावर बसलेला माणूस आधारवर बघतो, तिथेही नवऱ्याचेच नाव असते, आणि तो वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचे पूर्ण नाव टाकून मोकळा होतो. नियम स्पष्ट आहे. विवाहित स्त्रीनेही इथे वडिलांचेच नाव द्यायचे. पॅनच्या अर्जात नवऱ्याच्या नावाला जागाच नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल?

समजा, कार्डावर नाव SUNITA RAMESH PATIL आहे. सासरचे नाव, आधारवरही हेच, त्यामुळे ते बरोबर आहे. त्याखाली वडिलांच्या जागी RAMESH VITTHAL PATIL छापले आहे, म्हणजे नवऱ्याचे नाव. खरे वडील दत्तात्रय पांडुरंग जाधव.

अर्जात अर्जदाराच्या नावाचा रकाना आधारप्रमाणेच भरायचा, पण डावीकडे टिक करायची नाही, कारण ते बदलायचे नाही. वडिलांच्या नावाला टिक करायची आणि आडनाव JADHAV, पहिले नाव DATTATRAY, मधले नाव PANDURANG असे भरायचे. आडनाव वेगळे दिसते म्हणून काही जणी बिचकतात आणि PATIL लिहितात. वडिलांचे आडनाव वडिलांचेच राहते. खाली कार्डावर आईचे नाव छापायचे की वडिलांचे असा पर्याय येतो, तिथे वडील निवडायचे.

आता पुरावा. आधार ओळख, पत्ता आणि जन्मतारीख या तिन्हींना चालते, पण त्यावर जाधव हे नाव कुठेच नाही. पासपोर्ट असेल तर काम सोपे. त्याच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव असते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही पानांची प्रत जोडायची. पासपोर्ट नसेल तर दहावीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्र बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, म्हणजे JADHAV SUNITA DATTATRAY. पण ते माहेरचे नाव. कागद तपासणाऱ्याला सुनीता जाधव आणि सुनीता पाटील एकच आहेत हे कसे कळणार? त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत हवीच. नुसते दहावीचे प्रमाणपत्र जोडलेले अर्ज नेमके याच दुव्याअभावी आक्षेपात जातात.

आणखी एक मेख. त्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव DATTATRAYA असे, शेवटी A घेऊन असेल, तर अर्जातही तसेच लिहा. वडिलांच्या स्वतःच्या पॅनवर DATTATRAY असले तरी, जो कागद तुम्ही जोडता त्याच्याशी अर्ज जुळला पाहिजे. शक्य असेल तर असा कागद निवडा ज्यावर तुम्हाला हवे तेच स्पेलिंग आहे.

वडिलांचे नाव द्यायचेच नाही, आईने एकटीने वाढवले आहे.

आई एकल पालक असेल तर वडिलांचे नाव सक्तीचे नाही. ५ डिसेंबर २०१८ पासून नियमात ही सूट आहे. अर्जात तो पर्याय निवडून फक्त आईचे नाव भरायचे. ज्यांना दोन्ही पालकांची नावे द्यायची आहेत पण कार्डावर आईचे हवे, त्यांना तीही मोकळीक आहे. आईचे नाव भरून छपाईसाठी आईचा पर्याय निवडावा.

वडिलांचे नाव चुकीचे असल्याने आधार जोडणी अडते का?

नाही. जोडणीच्या वेळी तुमचे नाव, जन्मतारीख आणि लिंग ताडले जाते. वडिलांचे नाव त्यात येत नाही. जोडणी अडली असेल तर कारण या तिन्हींत शोधा. मात्र दुरुस्तीच्या अर्जात तुमचे स्वतःचे नाव आधारप्रमाणे अक्षरशः जुळायला हवे, नाहीतर वडिलांच्या नावाचा साधा बदलही तिथेच थांबतो. आधारमध्येच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा.

कागदपत्रांत काय काय जोडायचे?

पॅनकार्डची प्रत, ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचा पुरावा, आणि जो बदल मागता त्याचा पुरावा. टपालाने पाठवताना प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करून ती स्वसाक्षांकित करायची. मूळ कागद पाठवायचे नाहीत, आणि जुने मूळ पॅनकार्डही पाठवायचे नाही. केवळ फोटो किंवा सही बदलायची असेल तर वेगळा पुरावा लागत नाही, फोटो असलेले ओळखपत्र पुरते.

प्रतीवर केलेली सही आणि चौकटीतली सही सारखी ठेवा. नवी सही मागताय आणि प्रतींवर सवयीने जुनीच करताय, असे करू नका.

टपाल कुठे आणि किती दिवसांत?

प्रोटीअनकडे अर्ज भरला असेल तर पोचपावतीवर पुण्याच्या कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो, तोच वापरा. जुन्या माहितीपत्रकांत आणि इंटरनेटवर मॉडेल कॉलनीचा जुना पत्ता अजून सापडतो, त्यावर पाठवू नका. ऑनलाइन अर्ज केल्यापासून १५ दिवसांत कागद पोहोचायला हवेत. लिफाफ्यावर पॅन बदलाचा अर्ज असल्याचे आणि पंधरा अंकी पोचक्रमांक लिहायचा. स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती जपून ठेवावी.

अर्ज भरताना सुरुवातीला मिळणारा टोकन क्रमांक आणि हा पोचक्रमांक वेगळे आहेत. टोकन फक्त अर्धवट अर्ज पुन्हा उघडण्यासाठी. अर्जाची स्थिती पोचक्रमांकावरच कळते. पैसे भरल्यानंतरही पोचपावतीची पीडीएफ आली नसेल तर अर्ज पूर्ण झाला आहे असे समजू नका.

आक्षेपाचा ईमेल आला. आता?

नवा अर्ज करू नका. ईमेलमध्ये किंवा पत्रात काय कमी आहे ते लिहिलेले असते. तेवढाच कागद पोचक्रमांक लिहून पाठवायचा. शुल्क पुन्हा लागत नाही. आक्षेपाचे पत्र अर्जातल्या ईमेलवर येते, म्हणून तिथे केंद्रचालकाचा नव्हे, स्वतःचा ईमेल आणि मोबाइल असावा. महिनाभर काहीच कळले नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत पत्र बऱ्याचदा केंद्रचालकाच्या ईमेलवर पडून असते.

नवे कार्ड आल्यावर काय बघायचे?

आधी ईमेलवर ई-पॅनची पीडीएफ येते. तिचा पासवर्ड जन्मतारीख, DDMMYYYY या रूपात आठ अंक. छापील कार्ड मागून टपालाने येते, अर्जात दिलेल्या संपर्काच्या पत्त्यावर. पीडीएफ उघडताच फोटो, सही आणि वडिलांच्या नावाचे प्रत्येक अक्षर तपासा.

त्यानंतर क्यूआर कोड वाचून बघा. अलीकडच्या कार्डांवरच्या कोडमध्ये फोटो, सही, नाव, पालकाचे नाव आणि जन्मतारीख साठवलेली असते, आणि ती वाचण्यासाठी वेगळे अॅप लागते, साधा कॅमेरा पुरत नाही. जुन्या कार्डाच्या कोडमध्ये जुनीच माहिती राहते. म्हणून जुने कार्ड आणि त्याच्या झेरॉक्स यापुढे कुठेही देऊ नका. बँक, डीमॅट आणि म्युच्युअल फंडाच्या केवायसीत नव्या कार्डाची प्रत स्वतःहून द्या, कारण आयकर खात्याकडची नोंद बदलली तरी त्यांच्या फाइलमधली जुनी प्रत तशीच पडून असते.